पैसे कापले, तरी नकाशाला कुलूप : सदस्यत्वाच्या साइटवरचा दर महिन्याचा घोळ

आमचा आकाशदर्शनाचा गट आहे. महिन्याला ९९ रुपये वर्गणी, त्या बदल्यात अमावास्येच्या आधी त्या महिन्याचा आकाशनकाशा, निरीक्षणांच्या नोंदी आणि दुर्बिणींच्या देखभालीवरचे लेख. हे सगळं फक्त सदस्यांना दिसतं. साइट वर्डप्रेसवर आहे, वर्गणी यूपीआय ऑटोपेने किंवा कार्डाने आपोआप कापली जाते, आणि ते पैसे आमच्यापर्यंत पोचवणारा गेटवे रेझरपे. ही साइट मीच सांभाळते आणि खाली लिहिलेला बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता मेसेजच्या पहिल्या ओळीवरून पाणी कुठे मुरतंय ते कळतं.

तक्रारी साधारण अशा येतात.

"ताई, पैसे गेलेत, पण नकाशावर अजून 'फक्त सदस्यांसाठी' असंच येतंय."

"काल रात्री दिसत होतं, सकाळी कुलूप. दुपारी परत आपोआप उघडलं."

"मी दोन महिन्यांपूर्वी बंद केलं होतं, तरी ९९ गेले."

आणि एक तक्रार कधीच येत नाही, ती आपणच शोधावी लागते: वर्गणी थांबली आहे, तरी माणूस मजेत सगळे लेख वाचतोय.

चारही गोष्टी वेगळ्या वाटतात, पण मूळ एकच. एका सदस्याची नोंद तीन वह्यांत असते. बँकेच्या वहीत पैसे कापायची परवानगी म्हणजे मॅन्डेट. गेटवेच्या वहीत वर्गणीची स्थिती. आपल्या साइटच्या वहीत 'हा माणूस अमुक तारखेपर्यंत सदस्य' ही नोंद. लेखाचं कुलूप फक्त तिसरी वही बघतं. पैसे पहिल्या वहीतून जातात. कुठल्या दोन वह्यांचा मेळ बसत नाही ते शोधणं एवढंच आपलं काम. खालचा क्रम पाच मिनिटांच्या फुकट तपासणीपासून डोकं धरायला लावणाऱ्या तपासणीपर्यंत आहे. मधली पायरी गाळू नका. मी गाळली होती आणि एक अख्खा रविवार प्लगिन उलटंपालटं करण्यात घालवला. शेवटी निघालं काय, तर काकांनी दुसऱ्याच ईमेलने लॉगिन केलं होतं.

आधी माणूस तोच आहे ना ते बघा

सदस्याला विचारायचं: "वर उजवीकडे तुमचं नाव कोणतं दिसतंय? त्याचा स्क्रीनशॉट पाठवा." आमच्याकडे निम्म्या तक्रारी इथेच संपतात. भरताना ऑफिसचा ईमेल दिलेला असतो, फोनवर गुगलने लॉगिन करताना घरचा ईमेल निवडला जातो. साइटच्या लेखी ही दोन माणसं, आणि दुसऱ्याने एक पैसाही भरलेला नाही. नवराबायको एकाच फोनवरून वापरत असतील तर हा प्रकार हमखास होतो.

दोन खाती सापडली की घाईने एक उडवू नका. ज्या खात्यावर वर्गणी जोडलेली आहे ते ठेवायचं आणि त्याचाच ईमेल बदलून द्यायचा. वर्गणीचं खातं उडवलं तर साइट त्या माणसाला विसरते, बँक विसरत नाही.

मग जुनं पान तर दिसत नाही ना

माणूस बरोबर असेल तर त्याला इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन करायला सांगा. तिथे नकाशा उघडला तर सदस्यत्व ठीक आहे, त्याला पानाची जुनी प्रत मिळते आहे. साइट वेगवान व्हावी म्हणून कॅशे पानाची एक प्रत काढून ठेवतो आणि येईल त्याला तीच देतो. ती प्रत पाहुण्यासाठी काढलेली असेल तर त्यात कुलूपच असणार.

आपल्या बाजूने बघायचं असेल तर लॉगिन केलेल्या खिडकीत नकाशाचं पान उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला `Network` टॅब उघडून पान रिफ्रेश करा आणि पहिल्या ओळीवर क्लिक करून उत्तराचे हेडर वाचा. `cf-cache-status: HIT` किंवा `x-cache: HIT` असं काही दिसलं तर लॉगिन करूनही तयार प्रत येते आहे. कॅशे रिकामा केला की तक्रार लगेच मिटते, आणि तिथेच फसायला होतं, कारण पुढच्या महिन्यात ती परत येते. कायमचा उपाय म्हणजे कॅशेच्या सेटिंगमध्ये `wordpress_logged_in_` या नावाने सुरू होणारी कुकी असेल त्याला प्रत द्यायची नाही, असा नियम घालणं. प्लगिनचा कॅशे आणि होस्टिंगवाल्यांचा कॅशे हे दोन वेगळे असतात, नियम दोन्हीकडे लागतो.

उलट बाजूचा धोका मोठा आहे. प्रत एखाद्या सदस्याच्या पानाची निघाली तर नकाशा साऱ्या जगाला खुला होतो. म्हणून नियम घातल्यावर लॉगिन न करताही एकदा पान उघडून बघा.

पैसे खरंच आले का

आता गेटवेच्या डॅशबोर्डावर त्या सदस्याची वर्गणी उघडा. सदस्याच्या खात्यातून पैसे वजा होणं आणि ते आपल्याकडे जमा होणं यात कधीकधी फट पडते. यूपीआयने पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून डॅशबोर्डावर पैसे दिसत नसतील तर सदस्याला पुन्हा भरायला सांगू नका. त्याच्याकडून बँकेचा व्यवहार क्रमांक घ्या आणि वाट बघा. तोपर्यंत मी नकाशा ईमेलने पाठवून देते. ९९ रुपयांसाठी माणसाची अमावास्या का घालवायची?

वर्गणीची स्थिती एका शब्दात लिहिलेली असते आणि तो शब्द नीट वाचायचा. `active` म्हणजे ठीक. `pending` म्हणजे या वेळचे पैसे निघाले नाहीत, गेटवे पुन्हा प्रयत्न करतो आहे. `halted` म्हणजे प्रयत्न संपले. `cancelled` म्हणजे कोणीतरी रद्द केलं. इथे `active` आहे, पैसे आलेत, आणि तरी साइटवर कुलूप आहे, तर दुसरी आणि तिसरी वही यांच्यातला निरोप हरवला आहे.

निरोप्या वाटेत अडकला का

पैसे आले की गेटवे आपल्या साइटच्या ठरावीक पत्त्यावर निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. निरोपाचं नाव `subscription.charged`. आपल्या साइटने पाच सेकंदांत 'मिळाला' असं उत्तर द्यायचं असतं, म्हणजे २०० चा आकडा. नाही दिलं तर गेटवे थोड्या थोड्या वेळाने तोच निरोप परत पाठवतो. चोवीस तास असं चाललं की तो वेबहुकच बंद करतो आणि आपल्याला ईमेल येतो. हा ईमेल जाहिरातींच्या ढिगात जातो आणि पुढचे आठ दिवस एकाही सदस्याची मुदत वाढत नाही. एकाच दिवशी तीन-चार वेगवेगळ्या लोकांकडून तक्रार आली तर मी वरच्या सगळ्या पायऱ्या सोडून सरळ इथे येते. ही एकमेव सूट.

डॅशबोर्डावर वेबहुकच्या नोंदीत उत्तराचा आकडा बघा. ४०४ म्हणजे पत्ता चुकला, बहुधा साइटची रचना बदलल्यावर. ५०० म्हणजे निरोप पोचला, पण आपला कोड वाचताना कोलमडला. ४०३ म्हणजे दारावरच्या रखवालदाराने हाकललं: आमच्या होस्टिंगवाल्यांनी न सांगता बॉट अडवायची सोय चालू केली होती आणि गेटवे त्यांना बॉट वाटला. फायरवॉलमध्ये तेवढ्या एका पत्त्याला सूट दिल्यावर निरोप सुरू झाले.

४०१ किंवा 'सही जुळत नाही' असं दिसलं तर बहुतेक वेळा चाचणीचा गुप्त शब्द खऱ्या साइटवर राहिलेला असतो. सही म्हणजे निरोप गेटवेनेच पाठवल्याची खूण. ती `X-Razorpay-Signature` या हेडरमध्ये येते आणि निरोपाच्या मूळ, न हलवलेल्या मजकुरावरून ती पडताळायची असते. कोडने आधी तो मजकूर उलगडून परत बांधला तर एखादी जागा इकडची तिकडे होते आणि सही चुकते. वैतागून सहीची तपासणीच बंद करू नका. मग कोणीही त्या पत्त्यावर खोटा निरोप टाकून फुकट सदस्य होईल.

वाट मोकळी झाली, तरी हरवलेले निरोप सगळे आपोआप परत येतील असं धरू नका. बंद पडल्याच्या तारखेपासून गेटवेवर आलेल्या पैशांची यादी काढायची, साइटवर मुदत संपलेल्यांची यादी काढायची, आणि दोन्हीत असलेल्यांची मुदत हाताने वाढवायची. कंटाळवाणं काम आहे, पण तक्रारी येईपर्यंत थांबण्यापेक्षा बरं.

पहाटे साडेपाचचं कुलूप

आता ज्या बिघाडाने मला सर्वांत जास्त छळलं तो. सगळं ठीक असतं, वेबहुक २०० देतो, तरी काही सदस्यांना काही तास, कधी दीड दिवस कुलूप लागतं आणि मग ते आपोआप उघडतं. आपण बघायला जाईपर्यंत सगळं सुरळीत. वर्षभर मी "रिफ्रेश करून बघा" एवढंच सांगत होते, आणि तोपर्यंत उघडलेलं असल्यामुळे ते खरंही ठरत होतं.

धागा मिळाला तो मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाच्या रात्री. १३ डिसेंबरच्या रात्री आम्ही वेल्ह्याच्या बाजूला होतो. पहाटे एक सदस्य फोनवर नकाशा बघता बघता म्हणाला, "अहो ताई, आत्ता होता, आत्ता गेला." घड्याळात पाच वाजून एकतीस मिनिटं. साडेपाच हा आकडा डोक्यात वाजला, कारण भारतीय वेळ जागतिक वेळेच्या बरोबर साडेपाच तास पुढे आहे.

त्याचा हिशोब मांडून दाखवते. तो दर महिन्याच्या १४ तारखेचा सदस्य. १४ नोव्हेंबरला पैसे आले, तेव्हा आमच्या प्लगिनने त्यात ३० दिवस मिळवून मुदत लिहिली १४ डिसेंबर. नुसती तारीख, वेळ नाही. वेळ नसली की मध्यरात्र धरली जाते, आणि तीही जागतिक वेळेची. म्हणजे आपल्याकडे १४ डिसेंबरची पहाट, साडेपाच. पुढचे पैसे १४ तारखेलाच कापायचे होते, पण मध्यरात्री नव्हे. ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून होतात: सकाळी १० ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते रात्री साडेनऊ या वेळांत नाहीत. त्याचे पैसे गेले दुपारी पावणेदोनला. पहाटे साडेपाच ते दुपारी पावणेदोन कुलूप.

पुढचा महिना याहून वाईट. डिसेंबर ३१ दिवसांचा. १४ डिसेंबर अधिक ३० म्हणजे १३ जानेवारी. गेटवे मात्र कॅलेंडरचा महिना मोजतो, त्यामुळे त्याची तारीख १४ जानेवारी. मुदत १३ च्या पहाटे संपली, पैसे संक्रांतीच्या दुपारी गेले. दीड दिवस माणूस वर्गणी भरूनही बाहेर. वर्षात ३१ दिवसांचे सात महिने, तेवढ्या वेळा हे व्हायचं. तुमचं प्लगिन पैसे आल्याच्या तारखेऐवजी जुन्या मुदतीत ३० दिवस मिळवत असेल तर फरक साठत जातो आणि काही महिन्यांत तीन-चार दिवसांचं कुलूप होतं.

ओळखायचं कसं? तक्रारीची वेळ विचारा. पहाटेनंतर सुरू होऊन त्याच किंवा दुसऱ्या दिवशी आपोआप मिटणारी तक्रार असेल तर हाच प्रकार. सदस्याच्या नोंदीतली मुदत आणि गेटवेवरची पुढची तारीख शेजारी शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल.

उपाय असा की साइटने स्वतः दिवस मोजायचेच नाहीत. निरोपातच `current_end` नावाचा आकडा येतो: चालू महिना नेमका कोणत्या क्षणी संपतो तो. तो जसाच्या तसा घ्यायचा आणि वर तीन दिवसांची सवलत द्यायची.

```php
$end = (int) $sub['current_end'];
update_user_meta( $user_id, 'member_until',
    $end + 3 * DAY_IN_SECONDS );
```

कुलूप लावताना या आकड्याची तुलना `time()` शी करायची. दोन्ही सेकंदांत, त्यामुळे साडेपाच तासांचा प्रश्नच उरत नाही. आणखी एक फायदा: गेटवे तोच निरोप दोनदा पाठवू शकतो. '३० दिवस मिळव' असा कोड असेल तर माणसाला साठ दिवस मिळतात. 'अमुक क्षणापर्यंत' असा असेल तर दहादा आला तरी तेच उत्तर. तीन दिवसांची सवलत `pending` वाल्यांसाठीही लागते. पगार एक तारखेऐवजी तीनला झाला म्हणून कोणाला बाहेर काढायचं नसतं.

मुदत संपलेल्यांना काढायचं काम प्लगिन वर्डप्रेसच्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या सोयीवर, सोपवत असेल तर तेही बघा. तो क्रॉन कोणी साइटवर आलं तरच चालतो. पावसाळ्यात आमच्याकडे आठवडाभर चिटपाखरूही फिरकत नाही, आणि मुदत संपलेले लोक सदस्यच राहतात.

रद्द केलं, पण कुठे?

रद्द करण्याच्या तक्रारी वर्गणीच्या आदल्या दिवशी येतात. ऑटोपेत पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि तो मेसेज बघूनच लोकांना आठवतं की अरे, हे चालूच आहे.

सदस्य तीन ठिकाणी रद्द करतात. काही साइटवरच्या बटणाने, काही थेट यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन, आणि आमच्याकडची ज्येष्ठ मंडळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर "बंद करा हो" असं सांगून. तिसऱ्या प्रकारात मला गेटवेवर जाऊन हाताने रद्द करावं लागतं, आणि मी विसरू शकते. म्हणून आता मी बटणाची लिंक पाठवते आणि नंतर तपासते. अ‍ॅपमधून रद्द झालं तर पैसे नक्की थांबतात, पण साइटला ते उशिरा कळतं. तीन दिवसांची सवलत संपली की कुलूप लागतं, त्यात चिंतेचं काही नाही.

चिंता पहिल्या प्रकाराची. एका काकांनी बटण दाबलं, साइटने "सदस्यत्व रद्द झाले" असं हिरव्या अक्षरांत सांगितलं, लेखांना कुलूपही लागलं. तीन महिन्यांनी पासबुक भरून आणल्यावर त्यांना दिसलं की तीन वेळा ९९ गेलेत. आमचं बटण फक्त तिसऱ्या वहीत खाडाखोड करत होतं. गेटवेला कोणी सांगितलंच नव्हतं. २९७ रुपये त्याच दिवशी परत केले, पण काकांचा आवाज बरेच दिवस कानात होता.

हे तपासायला स्वतः ९९ रुपये भरून सदस्य व्हा, बटण दाबा आणि तिन्ही वह्या उघडा. गेटवेवर रद्द झाल्याचं दिसायला हवं, आणि फोनवरच्या ऑटोपेच्या यादीत मॅन्डेट बंद. एक बारकावा: रद्द करताना `cancel_at_cycle_end` ला `1` दिलं असेल तर भरलेला महिना संपेपर्यंत वर्गणी चालू दिसते, आणि सदस्यालाही तोपर्यंत लेख दिसायला हवेत. बटण दाबताक्षणी कुलूप लावणं म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे खाणं.

याच पायरीवर एक यादी महिन्यातून एकदा काढते: गेटवेवर `active`, पण साइटवर सदस्य नाही. या यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस पैसे भरतोय आणि त्याला काही मिळत नाहीये. खातं उडवून गेलेले लोकही इथेच सापडतात.

इथे हात थांबवा

एकाच सदस्याचे एका महिन्यात दोनदा पैसे कापले गेले आणि गेटवेवर त्याच्या नावाने दोन वर्गण्या दिसत नसतील, तर कोडला हात लावू नका. गेटवेच्या मदत केंद्राला वर्गणीचा क्रमांक आणि दोन्ही व्यवहार क्रमांक कळवा. दोन वर्गण्या दिसत असतील तर साधं आहे, नंतरची रद्द करून तिचे पैसे परत करा.

सहीची पडताळणी गुप्त शब्द बदलूनही जुळत नसेल, मुदती दुरुस्त करायला थेट डेटाबेसमध्ये एकदम शेकडो नोंदी बदलाव्या लागणार असतील, किंवा एका सदस्याला दुसऱ्याचं नाव-पत्ता दिसला असेल, तर पैसे देऊन जाणकार डेव्हलपर बोलवा. शेवटच्या प्रकारात तो येईपर्यंत साइट देखभालीसाठी बंद ठेवा. त्याला नुसतं "चालत नाही" असं सांगू नका: एका सदस्याचं उदाहरण, गेटवेवरची स्थिती, साइटवरची मुदत, वेबहुकचा आकडा आणि तक्रारीची नेमकी वेळ एवढं कागदावर द्या. आमच्या डेव्हलपरने साडेपाचचा आकडा बघूनच विचारलं होतं, "तारीख नुसतीच साठवताय का?"

आणि सदस्याने वैतागून "माझ्या अ‍ॅपमध्ये तुम्हीच बघा" म्हणत पिन किंवा ओटीपी पाठवला, तर तो मेसेज दोन्हीकडून पुसायचा आणि त्याला लगेच पिन बदलायला सांगायचं. वरच्या कुठल्याही तपासणीला तो लागत नाही.